आधी पाटी, मग परवाना

खाण्याच्या पदार्थांचा छोटा धंदा काढायचं पक्कं झालंय ना? मग सगळ्यात आधी जागेच्या करारावर सही करा. अनामत भरून टाका, भिंती रंगवून घ्या, पाटी चढवा आणि उद्घाटनाची तारीख चार ठिकाणी सांगून मोकळे व्हा. परवान्यांची चौकशी त्यानंतर सवडीने करता येईल. तोवर तुमचे पैसे इतके अडकलेले असतील की अधिकारी काहीही म्हणाला तरी तुम्ही 'हो' म्हणाल, आणि सरकारी कामात नम्रता लागतेच.

जागा निवडताना मालकाला एकच प्रश्न विचारा, 'इथे आधी काय होतं?' तो म्हणेल, 'खाणावळच होती, सगळे परवाने आहेत.' बस्स, एवढ्यावर थांबा. ते परवाने कोणाच्या नावावर आहेत, हे विचारणं असभ्यपणाचं दिसतं. अन्न परवाना किंवा नोंदणी साधारणपणे ठराविक चालकाला, ठराविक जागेवर, ठराविक कामासाठी मिळते. चालक बदलला की बहुतेक ठिकाणी नवा अर्ज करावा लागतो. पण भिंतीवर जुन्या चालकाचं प्रमाणपत्र चौकटीत लटकलेलं असताना असल्या शंका कशाला? जागेचा मंजूर वापर वेगळाच प्रश्न. इमारतीच्या कागदावर 'दुकान' लिहिलं असेल आणि तुम्ही तिथे तळण सुरू करणार असाल, तर वापरबदलाची परवानगी, धूर बाहेर नेण्याची सोय, अग्निशमनची तपासणी आणि सांडपाण्यातलं तेल अडवणारा सापळा, एवढं सगळं मागे लागू शकतं. धुराडं कुठून न्यायचं, हे वरच्या मजल्यावरचे रहिवासी उद्घाटनाच्या दिवशी समजावून सांगतीलच.

आता लागणाऱ्या परवान्यांची यादी. ती ओळखीच्या कुणाकडून तरी जशीच्या तशी उचला. त्याचं आणि तुमचं, दोन्ही 'खाण्याचंच' आहे, मग फरक तो काय पडणार? तो बंद पाकिटातला माल आणून विकतो, तुम्ही स्वतः शिजवता, एवढंच तर!

एक माहिती मात्र चुकूनही एका कागदावर लिहून काढू नका. पदार्थ कोणता आणि तो कसा टिकवता, कुठे बनवता, कोणाला विकता, कामाला कोण आहे आणि वर्षाची विक्री किती होईल. या पाच गोष्टींवरूनच काय लागू होतं ते ठरतं. असा अर्ध्या पानाचा कागद घेऊन तुम्ही स्थानिक अन्न सुरक्षा कार्यालयात गेलात, तर समोरच्याला नेमकं उत्तर द्यावं लागेल, आणि नेमकं उत्तर मिळालं की पुढची सगळी गंमत संपते. त्याऐवजी जाऊन म्हणा, 'खाण्याचा व्यवसाय आहे, काय काय लागेल?' उत्तरही तितकंच मोघम येईल. तेही तोंडीच घ्या. लेखी घेतलंत तर पुढे कामाला येण्याचा धोका असतो.

समजा, तुम्ही घरच्या ओव्हनमध्ये साधी बिस्किटं भाजून शेजारीपाजारी विकता. कोरडा पदार्थ, खोलीच्या तापमानाला टिकणारा, थेट खाणाऱ्याच्या हातात जाणारा. अनेक देशांत अशा घरगुती कामाला सोपी नोंदणी पुरते. मग एका ग्राहकाला तुमच्याकडचं लसूण घातलेलं तेल आवडतं आणि तुम्ही त्याच्या बाटल्या भरायला घेता. स्वयंपाकघर तेच, हातही तेच. मग नोंदणीही तीच चालेल, असं खुशाल समजा. कच्ची लसूण कमी आम्लाची असते आणि तेलाखाली हवा पोहोचत नाही. नेमक्या याच परिस्थितीत बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात. त्या विषाला ना वास येतो, ना चव बदलते. आम्लता मोजणारा पीएचचा आकडा ४.६ किंवा त्याच्या खाली असेल तर हे जिवाणू वाढत नाहीत. म्हणून हा आकडा कित्येक ठिकाणच्या नियमांत दिसतो. त्याच्या वरचा, हवाबंद आणि खोलीच्या तापमानाला ठेवायचा पदार्थ म्हटला की प्रयोगशाळेची चाचणी, लेखी कृती, कधी वेगळा परवाना लागतो आणि घरगुती सवलत बहुधा संपते. पण बाटलीला सुतळी बांधलेली इतकी छान दिसते की असल्या कटकटी मनात येत नाहीत.

हीच बिस्किटं एखाद्या दुकानदाराने 'माझ्याकडे ठेवा' म्हणून मागितली, तर लगेच हो म्हणा. तुमची नोंदणी फक्त थेट विक्रीपुरती आहे का, हे तपासू नका. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, निर्मात्याचा पत्ता आणि शेंगदाणा, दूध, गहू यांसारख्या ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचा उल्लेख लागतो. तुमच्या पाकिटावर फक्त 'प्रेमाने बनवलेलं' असेल तरी दुकानदार समजून घेईल. त्याच्या दुकानावर तपासणी येईपर्यंत.

मदतीला माणूस ठेवलात, तर त्याला 'घरच्यासारखा' म्हणा. घरच्यासारख्या माणसाचा पगारातून कापायचा कर, विमा आणि मालक म्हणून करायची नोंदणी हे सगळं परक्यांसाठी असतं, असा तुमचा समज कुणी मोडू नये.

राहता राहिला विक्रीवरचा कर. इथे एक जुनी, फार लोकप्रिय समजूत आहे, ती जपा: 'नफाच नाही, मग कर कसला?' नोंदणीची मर्यादा उलाढालीवर असते, म्हणजे गल्ल्यात आलेल्या सगळ्या पैशांवर. मर्यादा १०० आहे असं धरू. तुमची विक्री १२२ झाली, पण खर्च जाता हाती १२ उरले. तुमच्या मते तुम्ही मर्यादेच्या आसपासही नाही. कर कार्यालयाच्या मते तुम्ही ती केव्हाच ओलांडली आणि वरच्या २२ च्या विक्रीवर कर देणं लागता. दर १० टक्के असेल आणि ग्राहकाने दिलेल्या किमतीतच कर धरला, तर त्या २२ मधले २ कराचे. त्या विक्रीवरचा तुमचा नफाही साधारण तेवढाच. ग्राहक खाऊन घरी गेलेला आहे, त्याच्याकडे आता मागणार काय? शिवाय दंड आणि व्याज. काही देशांत उलाढाल आर्थिक वर्षावर मोजतात, काही ठिकाणी मागच्या सलग १२ महिन्यांवर. दुसरी पद्धत असेल तर 'नवं वर्ष लागलं, पाटी कोरी' असं म्हणून मात्र चालत नाही. महिनाअखेरीला मागच्या बारा महिन्यांची बेरीज एका ओळीत लिहून ठेवली, तर मर्यादा जवळ आलेली आधीच दिसते, त्यामुळे ती ओळ लिहू नका.

नोंदणी नसतानाच बिलावर कराची रक्कम लावायची कल्पनाही बऱ्याच जणांना सुचते. बिल भारदस्त दिसतं, खरंच! फक्त नोंदणीशिवाय कर गोळा करणं हा बहुतेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा असतो. आणि पुरावा तुम्ही स्वतःच छापून, तारीख घालून, प्रत्येक ग्राहकाच्या हाती दिलेला असतो.