चिखलात अडकलेली गाडी आणि डिफरन्शियलवर ढकललेला दोष

फॉरवर्ड होत आलेला मेसेज असा: "डिफरन्शियल सगळा टॉर्क मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला देतं म्हणून गाडी अडकते. वळणावर ते बाहेरच्या चाकाला जास्त टॉर्क देतं. अडकलात तर हँडब्रेक अर्धा ओढा आणि रेस वाढवत राहा, गाडी निघते."

पहिल्या वाक्यापासून सुरू करतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच होतो. डिफरन्शियल म्हणजे दोन एक्सलच्या मध्ये बसलेली, इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटणारी गिअरची पेटी; ती उघडून बघितली की आत क्राउनला, म्हणजे इंजिनकडून फिरणाऱ्या मोठ्या गिअरला, बोल्ट केलेला एक पिंजरा असतो, त्यात आडवी पिन, पिनवर स्टार पिनियन (काही जण स्पायडर म्हणतात) आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सन गिअर, एक डाव्या एक्सलचा एक उजव्या. इंजिनकडून आलेला जोर क्राउनवरून पिंजऱ्याला, पिंजऱ्यातून पिनला, आणि पिन स्टार पिनियनला बरोबर मध्यात ढकलते. आता स्टार पिनियन पिनवर मोकळं फिरतं ना, म्हणजे ते तराजूच्या दांडीसारखं झालं, एका टोकाला डावा सन गिअर, दुसऱ्या टोकाला उजवा. मध्यात धरलेली, मोकळी, समान हातांची दांडी दोन्ही टोकांना वेगवेगळा जोर लावूच शकत नाही, एका बाजूचा विरोध कमी पडला की ती तिकडे वळते आणि दुसऱ्या बाजूचा जोरही तेवढाच खाली येतो. म्हणून साध्या डिफरन्शियलमध्ये टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, कायम जवळपास निम्मा-निम्मा, सरळ रस्त्यावर, वळणावर आणि चिखलात पण.

मग गाडी का अडकते? आकडे घालून बघू. समजा १४०० किलोची मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, मागच्या प्रत्येक चाकावर ३५० किलो वजन, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. डावं चाक ओल्या चिखलात, घर्षण ०.१ धरा, म्हणजे ते चाक जमिनीला जास्तीत जास्त ३४० न्यूटन जोर लावू शकतं, टॉर्कमध्ये साधारण १०० न्यूटन-मीटर. त्याच्यावर गेलं की ते घसरतं. उजवं कोरड्या डांबरावर आहे, घर्षण ०.८, ते ८०० पेक्षा जास्त न्यूटन-मीटर पेलेल. पण दांडीचा नियम आडवा येतो, डावीकडे १०० तर उजवीकडेही १००, एकूण २००, म्हणजे पुढे ढकलणारा जोर ७०० न्यूटनच्या आतच. १० मीटरला १ मीटर चढ असेल तर या गाडीला चढाचे आणि टायरच्या फिरण्याचे मिळून साधारण १६०० न्यूटन लागतात. निघणार कशी. घसरणाऱ्या चाकाला सगळा टॉर्क मिळाला असं काही झालंच नाही, टॉर्क दोघांनाही तुटपुंजा मिळाला.

लोकांचा गोंधळ का होतो तेही कळतं मला, कारण डोळ्याला दिसतं ते फिरणारं चाक. आणि पॉवर खरंच तिकडेच जाते, कारण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग, आणि उभ्या चाकाचा वेग शून्य. टॉर्क आणि पॉवर एकच धरले की हा मेसेज खरा वाटायला लागतो.

दुसरं वाक्य, वळणाचं. बाहेरच्या चाकाला जास्त मिळतो तो वेग. दोन चाकांत दीड मीटर अंतर आणि गाडी ६ मीटर त्रिज्येत वळतेय असं धरा, क्राउनचे ८ फेरे होतात तेव्हा आतलं चाक ७ फिरतं आणि बाहेरचं ९. दोघांची सरासरी नेहमी क्राउनएवढी, हा या यंत्राचा दुसरा पक्का नियम. (दोन्ही चालती चाकं नीट स्टँडवर उचला, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका आणि एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलटं फिरेल. क्राउन अडकलाय, सरासरी शून्य.) टॉर्कचं म्हणाल तर फरक पडतोच तो उलटा पडतो, वळताना सन गिअर पिंजऱ्याशी थोडे घासतात, आणि ते घर्षण जलद चाकाकडून काढून हळू चाकाला देतं, म्हणजे आतल्याला किंचित जास्त.

तिसऱ्या वाक्याचा मला खरा राग आहे, कारण त्यात गाडीचं नुकसान आहे. हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. आपल्याच गाडीत तो प्रत्येकी ३०० न्यूटन-मीटरचा लावला असं समजा. डावं चाक आता ब्रेकचे ३०० आणि चिखलाचे १०० मिळून ४०० ओढतं, म्हणून उजव्यालाही ४०० मिळतात, इथपर्यंत झकास, पण उजव्याचे ३०० त्याच्याच ब्रेकमध्ये जातात आणि रस्त्याला उरतात १००. दोन्ही मिळून परत २००. फार तर चाक हळू फिरल्यामुळे टायरला जरा बरी पकड येईल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर हँडब्रेक बहुतेक मागच्या चाकांना असतो, तिथे तुम्ही गाडीलाच धरून ठेवताय.

तोच ब्रेक फक्त डाव्या चाकाला लावा आणि बघा. उजव्याला ४०० मिळतात, मधे कोणी खात नाही, डावीकडचे १०० धरून एकूण ५००, म्हणजे १६५० न्यूटनच्या वर, आणि गाडी चढ चढायला लागते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या ब्रेकचे वेगळे पेडल असतात ते शेताच्या टोकाला वळायला, पण एक चाक घसरलं की याच कामाला येतात, आणि कारचं ट्रॅक्शन कंट्रोलही घसरणाऱ्या एकाच चाकाचा ब्रेक आपणहून दाबतं. डिफरन्शियल लॉक असेल तर हिशेबच वेगळा, दोन्ही एक्सल एकत्र बांधले जातात आणि पकड असलेलं चाक त्याला पेलेल तेवढा टॉर्क घेतं, फक्त कोरड्या रस्त्यावर वळताना ते सोडावं लागतं, नाहीतर ७ आणि ९ फेऱ्यांचा फरक टायर घासून भरून निघतो.

राहिली रेस. स्टार पिनियनच्या आत बेअरिंग नसतं, ते नुसत्या पिनवर तेलाच्या पातळ थरावर फिरतं, कारण त्याला काम कमी असतं, मघाच्या तंग वळणावरही सन गिअर पिंजऱ्याच्या मानाने ८ फेऱ्यांत एकच फेरा सरकतो. एक चाक उभं आणि एक भरभर फिरतंय तेव्हा दर फेऱ्याला एक, म्हणजे आठपट, तेही इंजिन जोरात असताना. तेल फेकलं जातं, पिन तापते, खरवडते. अशी एक पिन मी हातात घेऊन बघितलीय, नख फिरवलं तर खाचेत अडकत होतं आणि कडेला निळसर डाग होता.

असं झालंय का ते आवाजावरून ओळखता येतं. सरळ जाताना गप्प आणि वळताना गुरगुर किंवा कटकट येत असेल तर स्टार पिनियन, पिन किंवा त्यांचे वॉशर बघा (पुढच्या चाकांवरच्या गाडीत वळतानाची कटकट बऱ्याचदा एक्सलच्या जॉइंटची असते, आधी तो तपासा). सरळ रस्त्यावर हुंकार आणि अॅक्सिलरेटर सोडला-दाबला की तो बदलतो, तर क्राउन-पिनियनकडे संशय. तेल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट असते ती नेहमीची झीज, पण बोटाला टोचणारे कण लागले तर डिफरन्शियल उघडायचंच.