'करून दाखवलं' मधलं 'दाखवलं' काढा

मागच्या आठवड्यात माझी भाची सीए फायनल पास झाली. दोन्ही ग्रुप, पहिला अटेम्प्ट. संध्याकाळी लोकलमध्ये उभी होते, दादर गेलं आणि व्हॉट्सॅपवर तिचा मेसेज आला, मावशी फेसबुकवर पोस्ट टाकलीय, लाइक कर. मी जाहिरातीची कॉपी लिहिण्याचं काम करते त्यामुळे आमच्या खानदानात लग्नपत्रिकेपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं माझ्याकडे तपासायला येतं, ही एक पोस्ट तेवढी न तपासता गेली होती. भाचीची परवानगी घेऊन तिची मूळ पोस्ट इथे देतेय:

"फायनली!!! सीए झाले!!! 🔥🔥 दोन्ही ग्रुप, फर्स्ट अटेम्प्ट! लोक तीन-तीन चार-चार अटेम्प्ट देतात, मी एकाच अटेम्प्टमध्ये करून दाखवलं. ज्यांना वाटत होतं हिच्याच्याने होणार नाही, ही पोस्ट त्यांच्यासाठी. ना घरात स्वतंत्र खोली, ना कोणाचा आधार, फक्त आणि फक्त माझी मेहनत. सेल्फ मेड. आजपासून नावाआधी सीए लावायचं हं सगळ्यांनी 😎"

आता पोरीने खरंच मोठं काम केलंय, त्यात वाद नाही. सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप, प्रत्येक पेपरात किमान ४० पाहिजेत आणि वर ग्रुपची बेरीज ३०० पैकी १५० पाहिजे. म्हणजे तिन्ही पेपरात ४५-४५ मिळवून माणूस प्रत्येक पेपरात पास आणि ग्रुपात नापास असू शकतो! त्यामुळे पोस्टमधली बातमी खणखणीत आहे. पण वाचताना अंगावर येते. मी तिला फोन केला की आधी ती काढ आणि मग आपण बोलू. ती म्हणाली एडिट करते ना, मी म्हटलं एडिट केलंस तरी एडिट हिस्टरीत जुनं दिसतं, डिलीटच कर. डिलीट होईपर्यंत अकरा मिनिटं झाली होती आणि तिच्या एका चुलतकाकांनी स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकलेला होता. असो. चुलतकाकांबद्दल पुढे येतंय.

बोरिवलीला उतरून मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसले आणि आम्ही फोनवर ती पोस्ट उसवायला घेतली.

पहिलं काम, बातमी कुठली ते वेगळं काढायचं. पास झाले, दोन्ही ग्रुप, पहिला अटेम्प्ट. या तिन्हीला हात लावायचा नाही. नम्रपणा म्हणून लोक नेमकी बातमीच खातात आणि मग कमेंटमध्ये सगळे विचारतात, म्हणजे नक्की काय झालं, एक ग्रुप का दोन? हा नम्रपणा नाही, वाचणाऱ्याला कामाला लावणं आहे.

मग 'सीए झाले' वर अडलो. परीक्षा पास झाली की लगेच नावाआधी सीए लावता येत नाही, आधी इन्स्टिट्यूटची मेंबरशिप घ्यावी लागते, त्याचा अर्ज असतो, तो मंजूर झाला की मग लावायचं. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आनंदात सुटलं. म्हणजे पोस्टमधलं सगळ्यात मिरवलेलं वाक्य नियमातही बसत नव्हतं. 'सीए फायनल पास झाले' लिहिलं आणि निम्मा आवाज तिथेच खाली आला. माझा अनुभव असाच आहे, जिथे फुशारकी वाटते तिथे बऱ्याचदा शब्द मापाला मोठा झालेला असतो, बरोबर मापाचा घातला की काम होतं.

पुढचं थोडं मराठीचं. आपल्या भाषेत बढाई विशेषणात कमी आणि क्रियापदाच्या शेपटीत जास्त असते. 'केलं' म्हणजे केलं. 'करून दाखवलं' म्हटलं की समोर कोणीतरी बसलेला लागतो, ज्याला दाखवलं. तो कोण? वाचणाऱ्याला वाटतं मीच की काय. आणि दुसरा तो 'च'. एकाच अटेम्प्टमध्ये, मीच, माझीच. मी तिला म्हटलं सगळे 'च' मोज आणि एक ठेव, कुठला ते तू ठरव.

पण 'मला जमलं', 'कसं झालं कळलंच नाही' हे पण नको म्हटलं. आठ महिने रोज दहा-दहा तास बसलेली पोरगी 'कसं झालं कळलंच नाही' लिहिते तेव्हा ती साफ खोटं बोलत असते आणि ते वाचणाऱ्याला कळतं. 'अजून विश्वास बसत नाही, एवढी वेंधळी मी आणि पहिल्या अटेम्प्टला पास, देवा 🙈' हा प्रकार तर सरळ बढाईपेक्षा वाईट. यावर संशोधनही झालंय, २०१८ मध्ये मानसशास्त्राच्या एका मोठ्या जर्नलमध्ये पेपर आला होता की अशी साळसूद बढाई मारणारे लोक उघड बढाई मारणाऱ्यांपेक्षाही कमी आवडतात, कारण ते प्रामाणिक वाटत नाहीत. त्यासाठी संशोधन कशाला पाहिजे, आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज दिसतं, पण ठीक आहे.

मग 'लोक तीन-तीन अटेम्प्ट देतात'. हे वाक्य दुरुस्त होत नाही, काढावंच लागतं. जिच्याबरोबर ती दोन वर्षं अभ्यासिकेत बसली त्या मैत्रिणीचा एक ग्रुप त्याच दिवशी राहिला होता (हे तिला विचारून लिहितेय). ती हे वाक्य कसं वाचेल एवढंच विचारलं मी. भाची दोन मिनिटं काही बोलली नाही.

आता 'सेल्फ मेड'. मी तिला म्हटलं बाई, तू सेल्फ मेड आहेस मान्य, फक्त मला सांग सकाळी उठवायचं कोण? पप्पा, म्हणाली. भाऊजी बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, पहिल्या पाळीला पहाटे चारला उठतात, हिला उठवून चहा ठेवून मगच डेपोला निघायचे. दुपारी? दुपारी लालबागच्या चाळीत भिंतीला भिंत, शेजारच्या काकूंचा टीव्ही. तो चालू असायचा का? तर नाही, काकूंनी आठ महिने आवाज बंद करून मालिका बघितल्या, नुसती तोंडं हलताना! ही गोष्ट माझ्या बहिणीला पण माहीत नव्हती. आणि गणपतीत, लालबागमध्ये गणपतीत अभ्यास म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक, ती दहा दिवस माझ्या घरी होती. मी माझं नाव सुचवलं नाही हं, तिनेच घातलं.

पण आभार मानायचे म्हणजे 'आईवडील, गुरुजन, मित्रमंडळी आणि सर्व हितचिंतकांचे मनःपूर्वक आभार' असं नाही. ते लग्नाच्या हॉलमधलं अनाउन्समेंट झालं, त्यात कोणी सापडत नाही. तिने पहिल्यांदा लिहिलं, 'काकूंमुळे मला शांतता मिळाली'. चुकीचं काहीच नाही, पण बघा, वाक्य काकूंपासून सुरू होऊन परत हिच्यावरच आलं. त्याऐवजी काकूंनी काय केलं ते लिहायचं, आवाज बंद करून मालिका बघितल्या, झालं, 'धन्यवाद' शब्दसुद्धा लागत नाही. यावर पण अमेरिकेत सारा अल्गो नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ मध्ये अभ्यास केलाय, मला काय फायदा झाला हे सांगण्यापेक्षा तू काय केलंस याचं कौतुक केलं की समोरच्याला ते आभार जास्त भिडतात. आमच्या धंद्यात याला वाक्याचा मालक बदलणं म्हणते मी.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं आणि मग भाची म्हणाली, मावशी, मी मुलगा असते तर तू एवढं कापलं असतंस का? आणि त्या काकांनी मामाच्या लग्नात सगळ्यांसमोर म्हटलं होतं की सीए बीए हिचं काम नाही बँकेची परीक्षा द्या, ते मी गिळायचं?

खरं सांगते, माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पोरींनाच आपण लहानपणापासून 'जास्त बोलू नये' शिकवतो आणि मी तेच करतेय की काय असं वाटून गेलं. शेवटी मी म्हटलं काकांना जे सांगायचंय ते काकांना फोन करून सांग, माझ्याकडून हो आहे, पण पोस्ट वाचणाऱ्या तीनशे लोकांपैकी दोनशे नव्व्याण्णव जणांनी तुला काही म्हटलं नव्हतं, त्यांना कशाला? आणि मेहनतीचं एक वाक्य तुझं, एकटीचं, ते ठेवायचं. जो एक 'च' राखलाय तो तिथे वापर.

मैत्रिणीला तिने आधी फोन केला. ती म्हणाली नोट्सचं लिही, रिझल्टचं नको, टॅगही नको, लोक लगेच विचारतात तुझं काय झालं. हे आम्हाला दोघींना सुचलं नसतं.

क्रमावर थोडं भांडण झालं. तिला आधी आभार आणि शेवटी बातमी पाहिजे होती, सस्पेन्स म्हणून. मी म्हटलं फीडमध्ये दोन-चार ओळी दिसतात, पुढचं टॅप केल्यावर, आणि सुरुवातीलाच 'पप्पा पहाटे चारला उठायचे' वाचलं तर लोक RIP टाकतील. बातमी पहिली.

रात्री साडेदहाला ही गेली:

"सीए फायनलचे दोन्ही ग्रुप पहिल्या अटेम्प्टला पास झाले! 🙏
आठ महिने रोज दहा-दहा तास बसले, ती मेहनत माझीच. पण बसायला जागा इतरांनी करून दिली. पप्पा पहिल्या पाळीला निघायच्या आधी मला उठवून चहा ठेवून जायचे. शेजारच्या काकूंनी आठ महिने दुपारच्या मालिका आवाज बंद करून बघितल्या. आर्टिकलशिपच्या सरांनी ऑडिटचा एकेक कागद लाल पेनाने रंगवून परत दिला, तेव्हा राग यायचा. एका मैत्रिणीने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोट्स माझ्याकडे तीन महिने ठेवल्या. गणपतीत मावशीने तिची बेडरूम दिली आणि स्वतः हॉलमध्ये झोपली.
मेंबरशिपचा अर्ज भरायचाय, तोवर नावाआधी काही लावू नका. पेढे आणलेत, घरी या."

मोजून बघा, बातमीतलं काहीही गेलेलं नाही, उलट मेंबरशिपचं एक वाढलं. चुलतकाकांनी 'अभिनंदन बेटा, मला खात्री होती' अशी कमेंट केलीय, भाचीने त्यावर नुसतं लाइक केलं. फोन केला का नाही ते मी विचारलं नाही.

शेजारच्या काकू फेसबुकवर नाहीत. दुसऱ्या दिवशी नातवाने त्यांना ती वाचून दाखवली, तशा त्या चष्मा हातात घेऊनच हिच्या दारात आल्या, पेढा घेतला आणि म्हणाल्या, आवाज बंद नव्हता गं, बारीक होता, बंद केला तर मालिका कळणार कशी, ते तेवढं बदल.

बदललंय. एडिट हिस्टरीत दिसेल.