तत्काळचं तिकीट हुकवण्याची खात्रीशीर पद्धत

तत्काळचं तिकीट चार मिनिटांत काढून पोहे खायला बसणारी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांच्या नादी लागू नका. त्यांना कसली हुरहुर नाही, छातीत धडधड नाही. आपण आपल्या परंपरेने जाऊ.

पहिली गोष्ट, रेल्वेच्या आयआरसीटीसी साइटवर खातं आत्ता उघडू नका. आणि असलंच, तर त्याची आधार पडताळणी अजिबात करू नका. 1 जुलै 2025 पासून पडताळणी केलेल्या खात्यावरूनच ऑनलाइन तत्काळ तिकीट निघतं, ही अफवा नसून नियम आहे. पण नियम ऐन वेळी कळण्यात जी मजा आहे ती आठवडाभर आधी कळण्यात नाही. खात्यावर नाव 'बंड्या' आणि आधारवर 'प्रभाकर' असेल तर फारच छान. नाव, जन्मतारीख जुळत नाही हे पडद्यावर लाल अक्षरांत वाचायला दहाला दोन कमी असतानाची वेळ उत्तम. एजंटचा आधार आहे म्हणून निर्धास्त राहा. तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास त्यांनाच बंदी असते, एवढं मात्र त्याला विचारू नका.

आता दिवस. आमचीच गोष्ट सांगतो. शनिवारी सकाळी नागपूरहून हावड्याला जायचं होतं. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, म्हणजे शुक्रवारी, हा हिशोब शाळकरी पोरालाही जमेल. आम्ही शुक्रवारी सकाळी अंघोळी करून, देवाला नमस्कार करून बसलो. पण आमची मेल गाडी मुंबईहून शुक्रवारी रात्री सुटते आणि नागपुरात शनिवारी येते. तत्काळचा 'एक दिवस' मोजतात गाडी जिथून सुटते तिथून. म्हणजे खिडकी गुरुवारीच उघडली होती आणि आम्ही बसलो तेव्हा आतली माणसं वेटिंगमध्ये उभी होती. गाडी मूळ स्टेशनवरून कोणत्या तारखेला सुटते हे आधी पाहणं म्हणजे केवळ रसभंग.

वेळेचंही तसंच. एसीचं तत्काळ 10 वाजता उघडतं, स्लीपरचं 11 वाजता. तुम्ही स्लीपरसाठी दहाला बसा आणि एसीसाठी अकराला.

पुढच्या खेपेला आम्ही दिवस बरोबर धरला, म्हणून मास्टर लिस्टवर भर दिला. म्हणजे ती केली नाही. खात्यात प्रवाशांची नावं, वय, लिंग, बर्थची आवड आधीच भरून ठेवता येते आणि बुकिंगच्या वेळी नुसत्या नावावर टिचकी मारायची, इतकी आळशी सोय आहे. आमच्या घरात पाच जण. पहिलं नाव आत्याचं, वसुंधरा. तिच्या स्पेलिंगमध्ये दोन 'ए' की एक, यावर मतभेद. मग वय. 'लिही साठ,' आत्या म्हणाली. 'आत्या, तिकीट तपासनीस ओळखपत्र बघतो.' 'बरं, बासष्ट.' खालचा बर्थ हवा हे सांगायला ती विसरली, ते आठवलं तेव्हा आम्ही तिसऱ्या नावावर होतो. चौथं नाव झालं आणि पाचवं घेईना. तत्काळच्या एका तिकिटावर चारच माणसं बसतात (साध्या आरक्षणात सहा), हे तिथे कळलं. मग कोण मागे राहणार याची चर्चा. मी म्हणालो दोन तिकिटं काढू, चार आणि एक. दुसऱ्या खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवेना, म्हणून तोपर्यंत चौघांचंच पुढे न्यायचं ठरलं.

खाली एक चौकोन असतो, कन्फर्म बर्थ मिळाला तरच बुक करा, असा. त्याला हात लावायचा नाही. त्यावर टिक केली तर वेटिंगचं तिकीट गळ्यात पडत नाही, आणि मग आपण स्टेशनवर कशाची वाट पाहणार?

एव्हाना दहा वाजून सहा मिनिटं. कॅप्चा दुसऱ्यांदा भरला, कारण पहिल्यांदा शून्य होतं की 'ओ', हे ठरेना. आता राहिला ओटीपी. 15 जुलै 2025 पासून तो आधारच्या पडताळणीने येतो, तुमच्या हातातल्या फोनवर नव्हे, तर आधारशी जोडलेल्या क्रमांकावर. आमचं खातं काकांच्या नावावर, त्यांचं आधार त्यांच्या फोनवर आणि काका भंडाऱ्याला.

'काका, ओटीपी आला का?'

'आलाय रे केव्हाचा. चष्मा सापडत नाहीये.'