शेअर किती, हे नंतर. आधी ठरवा: कोणी सोडून गेलं तर काय?

दोघं-तिघं मित्र मिळून कंपनी काढतात तेव्हा भागीदारीची चर्चा बहुतेक वेळा पाच मिनिटांत संपते. "आपण तिघं सारखेच, तेहतीस-तेहतीस टक्के," आणि विषय बदलतो. मला समान वाटणीचं वावडं नाही. पण त्या पाच मिनिटांत खरा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. चौदाव्या महिन्यात एक जण बाहेर पडला, तर त्याच्या तेहतीस टक्क्यांचं काय?

एक उदाहरण घेऊ. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपना मालाची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. एक जण विक्री बघणार, एक जण कोड लिहिणार, दोघंही पूर्णवेळ. तिसरा सध्याची नोकरी सांभाळून संध्याकाळी येणार आणि सुरुवातीला १० लाख रुपये घालणार. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, १० रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर, म्हणजे भांडवल १ लाख.

समान वाटणी केली आणि तिसरा चौदा महिन्यांनी परदेशी गेला. डायरेक्टरपदावरून त्याला साध्या बहुमताने काढता येतं, पण शेअर त्याच्याच नावावर राहतात. आता कोणी गुंतवणूकदार आला की त्याला नवे शेअर द्यायला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत. थोडक्यात, २५ टक्क्यांहून जास्त मतं ज्याच्या हातात, तो एकटा ठराव पाडू शकतो. कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स, बदलायलाही हाच ठराव लागतो. काम सोडून गेलेल्या माणसाच्या हातात कुलूप आणि किल्ली दोन्ही. जाणत्या गुंतवणूकदाराला भागधारकांच्या यादीत असं नाव दिसलं की तो आधी 'हे मिटवा' म्हणतो, आणि तेव्हा मिटवायची किंमत तो गेलेला माणूस ठरवतो.

उपाय म्हणजे व्हेस्टिंग. शेअर पहिल्या दिवशी नावावर होतात, पण ते हळूहळू 'कमावले' जातात. रूढ पद्धत चार वर्षांची: पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी गेलात तर काहीच कमावलं नाही, वर्ष झालं की पाव हिस्सा, मग दर महिन्याला अठ्ठेचाळिसावा भाग. न कमावलेले शेअर जाताना उरलेल्या भागीदारांना दर्शनी किमतीत द्यायचे.

वाटणी ४,०००, ४,००० आणि २,००० अशी धरू. तिसरा चौदा महिन्यांनी गेला तर त्याने कमावले २,००० गुणिले १४ भागिले ४८, म्हणजे ५८३ शेअर. उरलेले १,४१७ त्याने १४,१७० रुपयांत परत द्यायचे. त्याच्याकडे ५.८३ टक्के राहतात. त्याने केलेल्या कामाचं मोल राहतं आणि कंपनी अडत नाही. तिघांची समान वाटणी असती तरी व्हेस्टिंगमुळे तो ९.७२ टक्क्यांवर आला असता. म्हणूनच माझं मत असं की ३३ की २० यावर रात्र जागवण्यापेक्षा हे एक कलम लिहा.

ते कुठे लिहायचं, हे मात्र महत्त्वाचं. आपसातल्या करारात लिहिलं आणि आर्टिकल्समध्ये नाही, तर घात होतो. शेअर हस्तांतरावरचं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल तर ते कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज खटल्यात सांगितलेलं आहे. म्हणून दोन्हीकडे लिहा. शिवाय सोडून जाणारा रागात असेल तर हस्तांतराच्या फॉर्मवर सही करणार नाही. त्यासाठी कराराच्या दिवशीच प्रत्येकाकडून या एका कामापुरतं, मागे न घेता येणारं मुखत्यारपत्र घेतात. सगळे हसत-खेळत असतात तेव्हा त्यावर सही करायला कोणाला काही वाटत नाही. मृत्यू किंवा गंभीर आजारपण आलं तर नियम सौम्य ठेवा, अफरातफर झाली तर कडक. तेही याच कागदात.

आता त्या १० लाखांकडे. पैसे आणि घाम एकाच टक्क्यात मिसळले की हिशेब कायमचा बिघडतो. "त्याने पैसे घातले, म्हणून त्याला दहा टक्के जास्त" असं ठरलं, तर तो गेल्यावर त्या दहा टक्क्यांना व्हेस्टिंग लावायचं की नाही, यावर हमखास वाद होतो. सरळ मार्ग असा: २० टक्के कामाचे, त्यांना व्हेस्टिंग. १० लाख हे कर्ज, व्याजदर आणि परतफेडीची अट लिहून. प्रायव्हेट कंपनीला डायरेक्टरकडून कर्ज घेता येतं. ते पैसे आपण स्वतः उसने घेतलेले नाहीत, असं त्याने लेखी द्यावं लागतं. तो नोकरी सोडून अमुक तारखेपर्यंत पूर्णवेळ आला नाही तर २,०००पैकी किती शेअर कमी होणार, तो आकडाही आत्ताच लिहा. "येतोच आहे पुढच्या दिवाळीनंतर" याला तारीख म्हणत नाहीत.

(आयडिया माझी होती, म्हणून जास्त हवेत, असं म्हणणारा एक जण असतोच. पुढच्या चार वर्षांत कोण काय करणार याला वजन द्या. आयडियाला एक-दोन टक्के देऊन विषय संपत असेल तर संपवा.)

हे सगळं आत्ताच का, पहिला ग्राहक मिळाल्यावर का नाही? कारण रोकडं आहे: कर. आज शेअरची किंमत १० रुपये आहे, वाटणी इकडची तिकडे केली तरी कोणाला झळ लागत नाही. समजा उद्या गुंतवणूक आली आणि शेअरचं रास्त मूल्य २,००० रुपये निघालं. तेव्हा सुचलं की कोडवालीला कमी मिळाले, देऊ तिला आणखी ५०० शेअर १० रुपयांनी. दर शेअरमागे १,९९० रुपयांचा फरक, म्हणजे ९ लाख ९५ हजार रुपये, तिचं करपात्र उत्पन्न धरलं जाऊ शकतं. रोख एक पैसा हातात न येता. नातेवाइकांकडून मिळालं तर सूट असते, पण मित्र कायद्याने नातेवाईक नसतो. हीच अडचण व्हेस्टिंगमुळे उशिरा परत येणाऱ्या शेअरनाही येते, म्हणून तो कर कोणी सोसायचा, हे सीएला विचारून करारातच लिहून ठेवा.

दोघंच असाल आणि ५०-५० हवं असेल तर जरूर करा, पण साधा ठरावही अडतो हे लक्षात घेऊन अडल्यावर कोणाचा शब्द कोणत्या विषयात अखेरचा, ते लिहा. विक्री-किमतीत त्याचा, तंत्रात तिचा, इतकंही पुरतं.

राहिला कोड. कंपनी नोंदवण्याआधी लिहिलेला कोड लिहिणारीच्या मालकीचा असतो, तो कंपनीला लेखी हस्तांतरित करावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द त्यात दिसले पाहिजेत. आणि नोकरी सांभाळून येणाऱ्या तिसऱ्याचं नेमणूकपत्र एकदा सगळ्यांनी मिळून वाचा. नोकरीत असताना केलेलं सगळं काम मालकाचं, असं कलम त्यात असेल, तर त्याने संध्याकाळी लिहिलेल्या भागावर तुमच्याआधी त्याची कंपनी दावा सांगू शकते. तसं असेल तर नोकरी सुटेपर्यंत त्याला कोडला हात लावू देऊ नका, हिशेब आणि ग्राहकांच्या भेटी द्या.