कॉर्नरचा कॉलम दोन्हीकडे पास, तरी नापास

> "कॉर्नर कॉलमला उगाच बायॲक्शियल करत बसू नका, एक्समध्ये तपासा, वायमध्ये तपासा, दोन्हीकडे पास तर कॉलम पास. फारच शंका असेल तर रेसिप्रोकल सूत्र लावा : आपल्या मोमेंटसमोरचे लोड चार्टवरून वाचा, उलटे करून बेरीज करा. त्यातली −1/P0 ही वजाबाकी शोभेची आहे, सोडली तर सेफ साइडच. आणि हेच सूत्र पार्किंगपासून गच्चीपर्यंत सगळ्या मजल्यांना चालतं."

नागपुरातल्या साइट इंजिनिअरांच्या ग्रुपांवर हा मेसेज वर्षभर फिरतोय. गेल्या महिन्यात मनीषनगरकडच्या एका साइटवर तोच मला तोंडावर ऐकवला गेला : "सर, दोन्हीकडे पास होऊन राहिला ना, मग कायले डोकं लावता?" चार वाक्यं आहेत आणि चारही चुकीची आहेत, पण सारख्याच धोक्याची नाहीत. म्हणून क्रम मेसेजचाच ठेवतो, वेळ मात्र जिथे द्यायला हवा तिथेच देतो.

कॉलम त्याच साइटचा घेऊ. खाली पार्किंग, वर चार मजले, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा कॉलम. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. ४०० × ४०० मिमी, एम२५ काँक्रीट, एफई ५०० च्या २० मिमीच्या आठ सळ्या, म्हणजे प्रत्येक बाजूला तीन. कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत ६० मिमी. पार्किंगच्या पातळीवर फॅक्टर्ड लोड १००० किलोन्यूटन, एका दिशेला मोमेंट १२० आणि दुसऱ्या दिशेला १०० किलोन्यूटन-मीटर. कॉलम आखूड आहे, त्यामुळे स्लेंडरनेसचा जादा मोमेंट नाही.

आता पहिलं वाक्य. १००० किलोन्यूटन लोड असताना हा कॉलम एकाच दिशेने वाकवला तर साधारण १७८ किलोन्यूटन-मीटर पेलतो. १२० भागिले १७८ म्हणजे ०.६७. १०० भागिले १७८ म्हणजे ०.५६. दोन्ही एकच्या बरेच खाली, म्हणून साइटवर सगळे निवांत.

गोम अशी की पहिल्या तपासणीने कॉलमची एक अख्खी कड दाबात धरली आणि तिच्यातलं काँक्रीट व सळ्या पूर्ण खर्ची घातल्या. दुसऱ्या तपासणीने शेजारची कड तशीच धरली. या दोन कडा ज्या कोपऱ्यात मिळतात, तिथलं काँक्रीट आणि ती कोपऱ्यातली सळई दोन्ही हिशेबांत पूर्ण मोजली गेली. एकाच सातबाऱ्यावर दोन बँकांचं कर्ज काढल्यासारखंच हे! प्रत्यक्षात दोन्ही मोमेंट एकाच वेळी येतात, न्यूट्रल ॲक्सिस तिरका होतो आणि दाबाखालचा भाग आयताऐवजी कोपऱ्याकडे झुकलेला त्रिकोण किंवा चौकोन होतो.

आयएस ४५६ : २००० च्या कलम ३९.६ मध्ये हीच गोष्ट दोन गुणोत्तरांच्या घातांची बेरीज म्हणून येते. घात लोडप्रमाणे १ ते २ मध्ये असतो. आपल्या कॉलमला तो १.२८ येतो आणि बेरीज १.०८ होते, म्हणजे नापास. वेगवेगळं तपासणं म्हणजे हा घात अनंत धरणं.

दुसऱ्या वाक्यावर मात्र थांबायलाच हवं, कारण ते अर्धं खरं आहे. सूत्र खरं आहे. बोरिस ब्रेसलर यांनी १९६० मध्ये ते मांडलं, आणि आपल्या कलम ३९.६ मधलं घातांचं रूपही त्याच लेखातून आलं. रेसिप्रोकल पद्धत आयएस ४५६ मध्ये थेट दिलेली नाही. तरी पडताळणीसाठी ती फार सोयीची आहे, कारण तिला एका-एका दिशेचे साधे आलेखच पुरतात.

```
1/P = 1/Px + 1/Py − 1/P0
```

यात P0 म्हणजे मोमेंट अजिबात नसताना कॉलम पेलेल तो लोड. आयएसच्या भाषेत तो Puz, इथे २७१४ किलोन्यूटन. Px म्हणजे फक्त पहिल्या दिशेची एक्सेंट्रिसिटी असती तर कॉलम किती लोड पेलला असता, ते. Py दुसऱ्या दिशेचं तसंच.

"एक्सेंट्रिसिटी असती तर" या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. आपल्या कॉलमची एक्सेंट्रिसिटी १२० भागिले १००० म्हणजे १२० मिमी, आणि दुसरीकडे १०० मिमी. ही अंतरं कायम ठेवून लोड वाढवत न्यायचा. लोड वाढतो तसा मोमेंटही वाढतो. एसपी १६ च्या चार्टवर याचा अर्थ मूळबिंदूपासून आपल्या बिंदूतून जाणारी तिरकी रेघ ओढायची आणि ती वक्राला कुठे छेदते ते बघायचं. आपला बिंदू चार्टवर आडवा ०.०७५, उभा ०.२५. रेघ वक्राला छेदते ती आडवा ०.०९९, उभा ०.३३ च्या आसपास. म्हणजे Px सुमारे १३२५ किलोन्यूटन. तसंच Py सुमारे १४८०. (हे आकडे मी आठ सळ्यांची जागा धरून स्ट्रेन जुळवून काढलेत. एसपी १६ चे चारी बाजूंच्या सळ्यांचे चार्ट सळ्या जास्त विखुरलेल्या धरतात, म्हणून तुमचा आकडा थोडा हलेल.)

```
1/1325 + 1/1480 − 1/2714 = 1/942
```

कॉलम ९४२ पेलतो आणि अंगावर १००० आहेत. सहा टक्के कमी. घातांच्या बेरजेचा निकालही याच बाजूचा होता.

आता मेसेज सांगतो तसं "मोमेंटसमोरचा लोड" वाचा. मोमेंट १२० वर अडकवून ठेवला आणि वक्रावर सरळ वर गेलं की लोड मिळतो सुमारे १८२०. मोमेंट १०० ला मिळतो सुमारे २०१०. तेच सूत्र, तोच कॉलम :

```
1/1820 + 1/2010 − 1/2714 = 1/1474
```

सहा टक्के तुटीचा कॉलम एका फटक्यात ४७ टक्के शिलकीचा झाला! ही चूक मला सगळ्यात वाईट वाटते, कारण कागदावर सूत्र बरोबर दिसतं, बेरीज बरोबर असते, आणि तपासणाऱ्याची नजर तिथे अडखळत नाही.

पकडायची खूण सोपी आहे. कागदावरच्या Px ला एक्सेंट्रिसिटीने गुणा. १३२५ गुणिले ०.१२ म्हणजे १५९ किलोन्यूटन-मीटर. १३२५ आणि १५९ हा बिंदू वक्रावर बसतो, म्हणजे वाचन बरोबर. १८२० ला ०.१२ ने गुणलं तर २१८ येतात, आणि हा कॉलम कुठल्याच लोडला १८७ च्या वर मोमेंट घेत नाही.

साइटवर आम्ही कॉलमचा आकार बदलला नाही, पार्किंगची जागा कोण सोडणार? कोपऱ्यातल्या चार सळ्या २५ मिमीच्या केल्या, मधल्या चार २० च्याच ठेवल्या. Px सुमारे १५०० झाला, Py १६६५, P0 २९७१, आणि सूत्राने १०७० च्या वर लोड दिला. दोन दिशांच्या वाकण्यात कोपऱ्यातली सळई न्यूट्रल ॲक्सिसपासून सगळ्यात लांब असते, म्हणून वाढवायचं पोलाद तिथेच घातलं.

तिसऱ्या वाक्याला दोन ओळी पुरतात. एका दिशेची एक्सेंट्रिसिटी शून्य करून बघा. मग Py आणि P0 एकच होतात, आणि ते एकमेकांना खाऊन उत्तर नुसतं Px उरायला हवं. वजाबाकी काढली तर १३२५ ऐवजी ८९० उरतात. दोन्ही दिशा शून्य केल्या, म्हणजे लोड अगदी मधोमध, तर कॉलमची अर्धी ताकद गायब. आपल्या उदाहरणात वजाबाकीशिवाय उत्तर ६९९ येतं. सेफ साइड म्हणा हवं तर, पण ९४२ चा कॉलम ६९९ चा दिसला की माणूस सूत्रालाच नावं ठेवतो आणि पुन्हा पहिल्या वाक्याकडे वळतो. ही साखळी मी पाहिलेली आहे. फक्त एक सांभाळा : तिन्ही लोड एकाच पायावरचे हवेत, P0 सुरक्षा गुणक न लावलेला आणि Px लावलेला, असं नको.

राहिली गच्ची. ब्रेसलरचं सूत्र लोड बऱ्यापैकी असतो तिथे चांगलं उतरतं. P0 च्या दहाव्या हिश्श्याखाली ते वापरू नये, हा रूढ दंडक आहे. आपल्या कॉलमला ती रेषा २७१ किलोन्यूटनची. वरच्या मजल्यावर याच मापाच्या, आठ २० मिमी सळ्यांच्या कॉलमवर समजा १५० किलोन्यूटन लोड आणि १०० व ८० किलोन्यूटन-मीटर मोमेंट आहेत. सूत्र म्हणतं १५७ पेलेल, पास. कलम ३९.६ मध्ये घात एवढ्या कमी लोडला १ होतो, बेरीज १.०५, नापास.

या मतभेदापेक्षा पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. मोमेंट तेच ठेवा आणि लोड १५० चा १०० करा. वाऱ्याच्या कॉम्बिनेशनमध्ये डेड लोड ०.९ ने धरला आणि लाइव्ह लोड गेला की असं घडतं. एक्सेंट्रिसिटी वाढून १००० आणि ८०० मिमी होतात, Px १७२ आणि Py २१८ वर येतात, आणि सूत्र देतं शंभराला जेमतेम कमी. लोड घटला आणि पास असलेला कॉलम नापास झाला. कारण या कॉलमची मोमेंट पेलण्याची शिखराची जागा ७०० किलोन्यूटनच्या आसपास आहे. त्याच्या खाली दाब कमी झाला की ताणातल्या सळ्यांवरचा भार वाढतो आणि मोमेंटची ताकद घसरते. अशा ठिकाणी "किती लोड पेलेल" हा प्रश्नच आडवळणाचा आहे, कारण कॉलम तिथे मोमेंटने जातो.

म्हणून वरच्या दोन मजल्यांना मी रेसिप्रोकल सूत्र लावत नाही. तिथे कलम ३९.६ ची बेरीज, आणि तीही सगळ्यात मोठ्या लोडच्या कॉम्बिनेशनबरोबर सगळ्यात लहान लोडच्या कॉम्बिनेशनलाही. सॉफ्टवेअरच्या यादीत ते कॉम्बिनेशन बहुतेक वेळा तळाशी असतं.