दंडाला हळद लागली का म्हणे!

अख्खं जग गोरं व्हायच्या क्रीमवर पैसे उडवतं आणि मी काळं व्हायचा मूस, म्हणजे कातडीला तपकिरी रंग चढवणारा फेस, विकत घेतला. हसा.

नागपुरात उन्हाळाभर स्कूटीवर फिरणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. स्कार्फ बांधा, गॉगल लावा, तरी कुर्त्याची बाही जिथं संपते तिथून खाली हात भाजतोच. वर गव्हाळ दंड, खाली करपलेली भाकर, मधे पट्टीनं आखल्यासारखी रेघ. त्यात मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आणि मी हौसेनं शिवलेलं बिनबाह्यांचं ब्लाऊज. म्हटलं, खालचा हात उजळायला महिने लागतील, वरचाच दंड खालच्या रंगावर आणू. केवढी अक्कल!

दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, आपली स्किन सावळी, डार्कच घ्या.’ घेतला. इथंच माती खाल्ली. लाइट, मीडियम, डार्क ही नावं बहुतेक गोऱ्यापान युरोपीय कातडीचा हिशोब धरून ठेवलेली असतात. डार्क म्हणजे डीएचए जास्त. ही एक साखर आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची क्रिया होते आणि तपकिरी रंग चढतो. पोळी भाजताना तव्यावर डाग पडतात ना, त्याच जातीची क्रिया. कातडीला पेलवेल त्यापेक्षा जास्त डीएचए चोपडला की तपकिरीचा नारिंगी होतो. म्हणून पिवळसर गव्हाळ कातडीला मीडियम, तोही हिरव्या किंवा जांभळ्या बेसचा घ्यायचा, म्हणजे नारिंगीपणा दबतो. हे बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापायला काय जातं यांचं? छापलं काय, तर ‘एकसारखे लावा’. अरे, कसं?

मी कसं लावलं ते ऐका. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वॅक्सिंग. संध्याकाळी आईनं प्रेमानं तेल घातलेलं उटणं चोळलं. रात्री मूस, तोही उघड्या तळव्यानं. मग कूलरसमोर झोपले. एकूण एक गोष्ट चुकीची! ताज्या वॅक्सिंगनं उघडलेल्या रोमछिद्रांत रंग शिरला आणि दंडावर तीळ सांडल्यासारखे ठिपके आले. उटण्याचं तेल जिथं राहिलं तिथं रंग धरलाच नाही. कोपराची कातडी कोरडी आणि जाड, तिनं दुप्पट पिला. आणि कूलरची ती ओली हवा! रंग चढायला सहा-आठ तास कोरडी कातडी लागते. मला पहाटेपर्यंत घाम. बगलेतून निघालेला ओघळ दंडावरून जिथं जिथं गेला तिथं तिथं पांढरी रेघ सोडून गेला. तळवे तर संत्रं सोलल्यासारखे.

वरून फसवणूक अशी की मूसमधे लावताना दिसावा म्हणून वेगळा तपकिरी रंग घातलेला असतो. रात्री आरशात मी मस्त दिसत होते. सकाळी पाणी घातलं, तो रंग मोरीत वाहून गेला आणि खरा उरला तो गाजराचा. अंगाला शिळ्या बिस्किटांचा वास, तो वेगळाच.

वहिनी खोलीत आली, बघतच राहिली. ‘अवो ताई, हळद तर नवरीला लागून राहिली होती न? तुमाले काहून लागली?’

नंतर चिडून पुन्हा शिकले. वॅक्सिंग दोन दिवस आधी. आदल्या दिवशी बिनतेलाचा स्क्रब. कोपरावर साध्या मॉइश्चरायझरचा पातळ हात. तळव्याऐवजी स्पंजचा मिट म्हणजे हातमोजा, एका दंडाला एकच पंप, गोल गोल फिरवत, आणि त्या रेघेशी आल्यावर नवीन पंप न घेता मिटमधे उरलेला मूसच खाली ओढायचा. रात्र एसीच्या खोलीत. एसी नसेल तर मे-जूनमधे त्या मूसच्या नादी लागूच नका. त्यापेक्षा डीएचएचे ड्रॉप्स बरे: दंडापुरत्या मॉइश्चरायझरमधे दोन-तीन थेंब, रोज एकदा, तीन-चार दिवस. रंग हळू चढतो, हवा तिथं थांबता येतं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दंडाच्या आतल्या बाजूला करून बघा.

आणि तरीही, इतकं करून, उन्हाचा करपट रंग आणि हा सोनेरी तपकिरी रंग तंतोतंत जुळत नाहीच! जवळ येतो, बस. मेलेली कातडी गळते तसा पाच-सात दिवसांत उतरतो, तोही तुकड्यातुकड्यांनी, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा. उन्हापासून रक्षण म्हणाल तर नाहीच्या बरोबर, सनस्क्रीन वेगळं फासायचंच.

परवा लग्नाचा अल्बम आला. मे महिन्याच्या त्या उकाड्यात प्रत्येक फोटोत मी मनगटापर्यंत शाल गुंडाळून उभी आहे. खाली लपवायला विसरलेले दोन नारिंगी तळवे, अक्षता टाकताना.