खुलासा: पॉलिसी-तक्त्यात राहून गेलेला रकाना

‘प्रीमियम कमी, कव्हर तेच तीन लाख, म्हणजे जळगावच्या हॉस्पिटलात कुठलीही खोली घ्या, बिल कंपनी भरते.’

माझ्या तक्त्यावरून असा समज होतो, पण तसं नाही. रावेर-यावलच्या ग्रुपांत फिरणारा, आरोग्य विम्याच्या पॉलिसींची तुलना करणारा तो तक्ता माझाच. खोलीभाड्याच्या मर्यादेचा रकाना माझ्याकडून राहिला. काल पॉलिसीचा पूर्ण कागद वाचला. स्वस्त पॉलिसीत मर्यादा कव्हरच्या १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. खोली ४,००० ची घेतली, तर वरचे हजार तर खिशातून जातातच. शिवाय डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटरचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. हे बिल ८०,००० झालं तर मंजूर ६०,०००. औषधं, इम्प्लांट यांना ही कात्री नाही. कागदात ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ शोधा, तिथे हे सापडेल. जुना तक्ता कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.